पाळी वर्षभर आली नाही, मग तांबी काढायची का? चाळिशीनंतरचं गर्भनिरोधन आणि थांबण्याचा दिवस

नोव्हेंबर २०२२ मध्ये कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातून सुनंदाताई माझ्याकडे आल्या. हे त्यांचं खरं नाव नाही. वय ४७, दोन मुलं, मोठीचं लग्न झालेलं. त्या खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या, "मॅडम, तेवढी तांबी काढून टाका. वर्ष झालं, पाळी गेली माझी. आता कशाला ठेवायची?"

साताऱ्यात प्रॅक्टिस करताना चाळिशी ओलांडलेल्या बायकांकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या रूपांत ऐकते. कुणी माळाच्या गोळ्या बंद करायच्या का विचारते, कुणी 'आता निरोध कशाला' म्हणते. बऱ्याच जणी तर विचारायलाही येत नाहीत, मनानेच थांबवतात आणि तीन महिन्यांनी मळमळतंय म्हणून येतात. त्या दिवशी मी सुनंदाताईंची तांबी काढली नाही. का काढली नाही आणि पुढे काय झालं, ते सांगता सांगता या लेखात मोजणीची पूर्ण पद्धत देते.

पाळी न येणं आणि बीज न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

पाळी आली म्हणजे शरीर तयार आणि नाही आली म्हणजे काही होणार नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी अंडाशयातून बीज बाहेर पडतं आणि गर्भ राहिला नाही तर त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे पाळी ही मागे होऊन गेलेल्या गोष्टीची खबर असते. पुढचं बीज कधी येणार हे ती सांगत नाही. आठ महिने पाळी न आलेल्या बाईला नवव्या महिन्यात बीज आलं, तर ते आल्याचं तिला आधी कळणारच नाही. त्या दिवसांत संबंध आला आणि गर्भ राहिला, तर पाळी येतच नाही. 'आली नाहीच आहे, तसंच चाललंय' असं म्हणत ती चार-पाच महिने काढते.

चाळिशीत अंडाशयातला बीजांचा साठा संपत आलेला असतो, पण तो नळ बंद केल्यासारखा एका दिवसात संपत नाही. मेंदूकडून अंडाशयाला हुकूम देणारं एफएसएच हे संप्रेरक वाढत जातं, कारण अंडाशय ऐकेनासं झालेलं असतं. मग मधूनच एखाद्या महिन्यात ते ऐकतं आणि बीज सोडतं. कधी दोन महिन्यांनी, कधी आठ, कधी चौदा. पाळी मागेपुढे होण्याचं कारण हेच. आणि याच कारणाने तारखा पाहून 'सुरक्षित दिवस' पाळण्याची पद्धत या वयात मुळीच चालत नाही. तिचा सगळा हिशेब पुढची पाळी वेळेवर येईल यावर उभा असतो.

गर्भ राहण्याची शक्यता या वयात कमी होते, हे खरं. पण राहिलाच तर तो सोपा नसतो. ४५ व्या वर्षी राहिलेल्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक आपोआप पडतात. डाऊन सिंड्रोमचं मूल होण्याची शक्यता चाळिशीत साधारण शंभरात एक असते, ती ४५ व्या वर्षी तीसात एकाच्या आसपास जाते. रक्तदाब आणि साखरेचा त्रासही वाढतो. म्हणून थांबण्याचा दिवस अंदाजाने ठरवू नये, मोजून ठरवावा.

मोजणीचा नियम

हा नियम तांबी, निरोध अशी बिनहार्मोनची साधनं वापरणाऱ्या बाईसाठी आहे.

शेवटची पाळी पन्नाशीनंतर आलेली असेल तर तिथून पूर्ण एक वर्ष साधन चालू ठेवायचं. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आलेली असेल तर पूर्ण दोन वर्षं. या काळात एकदाही रक्तस्राव झाला, दोन दिवसांचा का असेना, की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. पंचावन्न पूर्ण झाल्यावर कुणालाच गर्भनिरोधनाची गरज धरत नाहीत, कारण त्यानंतर नैसर्गिकरीत्या गर्भ राहणं अत्यंत दुर्मीळ आहे.

पन्नाशीच्या आत दुप्पट वेळ यासाठी की, अंडाशय जितकं तरुण असताना गप्प होतं, तितकी ते पुन्हा जागं होण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडच्या बायकांनी इथे थोडं थांबावं. युरोपात पाळी जाण्याचं सरासरी वय एक्कावन्नच्या आसपास आहे, तर भारतात ते सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या घरात आहे. म्हणजे तिकडच्या पुष्कळ बायकांना एका वर्षाचा नियम लागतो आणि आपल्याकडच्या बहुसंख्य बायकांना दोन वर्षांचा. पण गावोगाव माहीत आहे ते एकच वाक्य: 'वर्षभर नाही आली की गेली.' पाळी गेली हे म्हणायला एक वर्ष पुरतं, साधन सोडायला ते पुरत नाही. या दोन मोजण्या वेगळ्या आहेत.

शेवटची पाळी नक्की कधी आली?

या प्रश्नावर निम्म्या मोजण्या चुकतात. 'झालं असेल की वर्ष' हे उत्तर चालत नाही, पण तारीख विचारली तर कुणालाच आठवत नाही. मी सणावरून विचारते. संक्रांतीला हळदी-कुंकवाला गेलात का, गौरीच्या ओवशाला बसलात का, बेंदराच्या पोळ्या कुणी केल्या? ज्या घरात अजून चार दिवस बाजूला बसतात, तिथे तर सण आणि पाळी या आठवणी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात.

सुनंदाताईंचा हिशेब असाच निघाला. २०२१ च्या संक्रांतीला होती. मग पाडव्याला आली. मग थेट बेंदराच्या आठवड्यात. आणि शेवटची नवरात्रात. "घट बसवायला जाऊबाईला सांगावं लागलं, म्हणून ध्यानात आहे," असं त्या म्हणाल्या. त्या वर्षी घटस्थापना ७ ऑक्टोबरला होती. म्हणजे शेवटची पाळी ऑक्टोबर २०२१, तेव्हा वय ४६. पन्नाशीच्या आत, म्हणजे दोन वर्षं. मोजणी पूर्ण होणार ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्या आल्या होत्या नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे फक्त तेरा महिन्यांनी.

पुढची सोय म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला मी सांगते. रक्त दिसलं त्या दिवसाभोवती गोल आणि नुसता डाग असेल तर टिंब. पण टिंबसुद्धा दाखवायला या. डाग हा रक्तस्राव नाही असं मानून मोजणी पुढे रेटणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट न विसरता विचारते: पाळी लांबवायच्या गोळ्या घेतल्यात का? वारी, गणपती, घरातलं लग्न, कारण कुठलंही असो, मेडिकलमधून त्या गोळ्या आणून आठ-दहा दिवस घेणाऱ्या बायका आपल्याकडे भरपूर. एक तर पाळी लांबवायला घेतलेल्या या गोळ्यांवर गर्भनिरोधनासाठी विसंबता येत नाही. दुसरं, त्या थांबवल्यावर येणारा रक्तस्राव आपोआप आलेल्या पाळीसारखा धरायचा आणि मोजणी तिथून नव्याने करायची. त्या गोळ्यांनंतर रक्तस्राव होतो, तोच मुळी पिशवीत अस्तर तयार झालेलं असतं म्हणून, आणि अस्तर तयार होतंय म्हणजे अंडाशय पुरतं थांबलेलं नाही.

सुनंदाताईंचं पुढे काय झालं

त्यांची तांबी ३८० ए प्रकारची होती, नोव्हेंबर २०१५ मध्ये वयाच्या चाळिशीत बसवलेली. या तांबीची मुदत दहा वर्षं. शिवाय चाळिशीला किंवा त्यानंतर बसवलेली तांब्याची तांबी पाळी पूर्ण जाईपर्यंत बदलावी लागत नाही, असं आता मानलं जातं. म्हणजे 'मुदत संपत आली' हेही काढायचं कारण नव्हतं. दोरे तपासले, जागेवर होते. मी म्हटलं, "ताई, काही त्रास देतेय का ती?" त्या नाही म्हणाल्या. "मग अजून अकरा महिने राहू द्या." त्या जरा नाराजीनेच गेल्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये फोन आला. सोळा महिन्यांनी अंगावरून जायला लागलं होतं, तेही पाळीसारखं, पोटात दुखून. दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

इथे दोन प्रश्न उभे राहतात आणि दोन्हींची उत्तरं लागतात. पहिला, गर्भ आहे का? लघवीची तपासणी केली, नाही. ही तपासणी घरीही होते, 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळतं. दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर झालेला कुठलाही रक्तस्राव 'आली असेल पुन्हा' म्हणून सोडून देता येत नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असाच, थोड्याशा रक्ताने, पहिल्यांदा दिसतो. म्हणून सोनोग्राफी केली. अस्तर जाड दिसलं. मग बारीक नळीने अस्तराचा नमुना घेतला, तांबी न हलवता.

अहवालात कर्करोग नव्हता. पण बीज बाहेर पडल्यानंतरच अस्तरात जे बदल होतात, ते त्यात स्पष्ट दिसत होते. म्हणजे वयाच्या ४७ व्या वर्षी, पाळी बंद होऊन सव्वा वर्षाहून जास्त काळ लोटल्यावर, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्या अंडाशयातून बीज आलेलं होतं. नोव्हेंबरमध्ये मी तांबी काढली असती तर त्या दिवसांत त्यांच्याजवळ काहीच साधन नसतं.

अहवाल वाचून दाखवल्यावर सुनंदाताई बराच वेळ गप्प बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "लेकीचं बाळंतपण करायचं वय माझं."

मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं, म्हणजे फेब्रुवारी २०२५. मधे एकदाही काही दिसलं नाही. मार्च २०२५ मध्ये, त्या पन्नाशीत शिरत असताना, तांबी काढली. दोन मिनिटांचं काम झालं.

तुमचं साधन मोजणी करू देतं का?

सुनंदाताईंची मोजणी जमली कारण तांब्याची तांबी पाळीच्या येण्या-थांबण्याला हात लावत नाही. पाळी येते तेव्हा खरी येते आणि थांबते तेव्हा खरी थांबते. निरोध वापरणाऱ्यांचंही तसंच. पण हार्मोनचं साधन असेल तर ते पाळी झाकून टाकतं किंवा खोटी पाळी आणतं, मग कॅलेंडर निरुपयोगी होतं. म्हणून चाळिशीनंतर साधन निवडताना 'किती खात्रीचं' एवढंच न विचारता 'यावर असताना मला थांबायचा दिवस कसा कळेल' हेही विचारा.

माळा-एन किंवा माळा-डीच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असताना जो रक्तस्राव होतो तो हार्मोन थांबल्यामुळे होतो. अंडाशय पूर्ण बंद पडलं तरी तो दर महिन्याला वेळेवर येत राहील. बावन्नाव्या वर्षी 'माझी अजून नियमित आहे' म्हणणारी बाई गोळ्यांवर आहे का हे मी आधी विचारते. या गोळ्या पन्नासला थांबवायच्याच, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब असलेल्या, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्या किंवा पायात वा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्या बाईने तर चाळिशीतही या गोळ्या घेऊ नयेत. मशेरीबद्दल एक सांगते. धूम्रपानाबद्दल नियम आहेत, मशेरीचं नाव त्या यादीत नसतं, आणि बायकाही तिला तंबाखू धरत नाहीत. 'तंबाखू खाता का' विचारलं तर नाही म्हणतात, 'मशेरी लावता का' विचारलं तर हो. तिच्यातही निकोटीन असतंच, म्हणून चाळिशीपुढच्या मशेरी लावणाऱ्या बाईला मी माळा देत नाही. हा माझा निर्णय आहे. तुमच्या डॉक्टरांना मात्र मशेरीचं आपणहून सांगा, आणि गोळ्या चालू असतील तर दर भेटीत रक्तदाब मोजून घ्या.

गोळ्या सोडायच्या तर पाकीट पूर्ण करा, त्याच दिवसापासून निरोध सुरू करा आणि मग पाहा. पाळी आपोआप आली तर तिथून मोजा. गोळ्या चालू असताना एफएसएचची तपासणी करू नका, तो आकडा खोटा येतो.

छाया ही आठवड्याची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. तिच्यात इस्ट्रोजेन नाही, हे या वयात चांगलंच आहे. पण तिच्यामुळे पाळी लांबते आणि रक्त कमी जातं. एरवी ही तक्रार नसते, ४६ व्या वर्षी मात्र गोंधळ होतो. दोन महिने पाळी नाही, मग ते छायामुळे, वयामुळे की गर्भामुळे? पाळी पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर आधी निश्चय किट. आणि छायावर असताना पाळी गेल्याची मोजणी धरू नका. थांबायचा विचार असेल तेव्हा छाया सोडून निरोधावर या आणि मग कॅलेंडर सुरू करा.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. ते घेणाऱ्या पुष्कळ जणींची पाळी बंदच होते. ज्यांना या वयात अंगावरून फार जातं त्यांना सुटल्यासारखं वाटतं, तेही खरं. पण या इंजेक्शनने हाडांची घनता थोडी कमी होते, आणि पाळी जाताना हाडं तशीही झिजायला लागतात. म्हणून पन्नासला अंतरा थांबवून दुसरं साधन घ्यावं. शेवटच्या इंजेक्शनचा परिणाम तीन महिन्यांनी संपतोच असं नाही, तो बरेच महिने रेंगाळतो. त्यामुळे इंजेक्शन सोडल्यावर पाळी आली नाही म्हणून लगेच मोजायला लागू नका. अंतरा सोडून निरोधावर आलेल्या बाईला मी वय पन्नासपुढे असलं तरी दोन वर्षंच मोजायला सांगते.

हार्मोनची तांबी आपल्याकडे मुख्यतः खासगी दवाखान्यात मिळते, आणि महाग आहे. पण चाळिशीत ज्या बाईला अंगावरून इतकं जातं की हिमोग्लोबिन आठावर आलंय, तिच्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही. गर्भही थांबतो आणि रक्तही. अशा बाईला साधी तांबी बसवली तर रक्त आणखी जातं, आणि मग 'पिशवीच काढून टाका' ही भाषा सुरू होते. पिशवी काढणं हे मोठं ऑपरेशन आहे, गर्भनिरोधनाचा किंवा पाळीच्या कंटाळ्याचा तो इलाज नाही. हार्मोनच्या तांबीने पाळी जवळजवळ थांबते, म्हणून मोजणी होत नाही. पण तिचा नियम सोपा आहे: ५२ मिलिग्रॅम हार्मोन असलेली तांबी ४५ व्या वर्षी किंवा नंतर बसवली असेल तर गर्भनिरोधनासाठी ती ५५ पर्यंत ठेवता येते. मोजायचंच नाही, ५५ ला काढायची.

ज्यांना तोवर थांबायचं नाही त्यांच्यासाठी एफएसएचची तपासणी आहे. पण तिची जागा अगदी मर्यादित आहे. वय पन्नासपुढे, हार्मोनच्या तांबीमुळे पाळी नाही, आणि साधन सोडायचंय, अशा बाईने ती करावी. आकडा ३० च्या वर आला तरी त्याच दिवशी थांबायचं नाही. त्यानंतर आणखी एक वर्ष साधन ठेवायचं, मग सोडायचं. पन्नाशीच्या आतल्या बाईने मात्र एफएसएचचा अहवाल दाखवून 'माझी गेली' म्हणू नये. या वयात तो आकडा एका महिन्यात ४० आणि पुढच्या महिन्यात १० येऊ शकतो. ज्या महिन्यात तो खाली येतो त्या महिन्यात अंडाशय ऐकत असतं. चेहरा तापणं, गरम वाफा, रात्री घाम याही खुणा अशाच. पाळी जायला आल्याचं त्या सांगतात, गेल्याचं नाही. आणि या त्रासासाठी डॉक्टरांनी हार्मोनची औषधं दिली असतील तर ती गर्भनिरोधक नाहीत, साधन वेगळं लागतंच.

ऑपरेशन झालेल्यांना काय?

आपल्याकडे बहुतेक बायकांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन तिशीच्या आतच झालेलं असतं. त्यांना मोजायची गरज नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. या ऑपरेशननंतरही आयुष्यभरात साधारण दोनशेत एका बाईला गर्भ राहतो, आणि राहिला तर तो नळीत राहण्याची शक्यता जास्त असते. म्हणून चाळिशीत पाळी चुकली आणि एका बाजूला ओटीपोटात दुखायला लागलं, चक्कर आली, खांदा दुखला, तर 'माझं ऑपरेशन झालंय' म्हणून घरी बसू नका. लघवीची तपासणी करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. नळी फुटली तर पोटात रक्त साचतं आणि तासाभरात जिवावर बेततं.

ज्या जोडप्याचं ऑपरेशन झालेलं नाही आणि बायको ४१-४२ ची आहे, त्यांना मी पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीचं आवर्जून सांगते. अजून आठ-दहा वर्षं साधन सांभाळायचं आहे, तेही बाईच्या अंगावर. नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत हे पाहायचं. एवढं झालं की बायकोला मोजावंच लागत नाही. बहुतेक नवरे सुरुवातीला मान हलवतात आणि परत येत नाहीत. जे येतात त्यांना तेव्हा बायकोनेच समजावलेलं असतं.

तांबी काढताना आणि काढल्यावर

मोजणी पूर्ण झाली की तांबी काढून घ्या. 'त्रास नाही, राहू दे' म्हणून ती आत विसरू नका. पाळी गेल्यावर पिशवीचं तोंड आकसत जातं, दोरे आत ओढले जातात, जंतुसंसर्गाची भीती राहते. साठीच्या बाईच्या पोटात वीस-बावीस वर्षांची तांबी सापडणं ही मला नवी गोष्ट नाही, आणि तेव्हा ती काढायला भूल द्यावी लागते. मोजणी संपल्यावर दोन-चार महिन्यांत काढली तर सहज निघते.

दोरे दिसले नाहीत तर आधी सोनोग्राफी. तांबी पिशवीत आहे की नाही ते तिथे कळतं. सोनोग्राफीत दिसली नाही तर पोटाचा एक्स-रे काढतात, कारण ती कधी न कळत पडून गेलेली असते किंवा पिशवीबाहेर सरकलेली असते. गावातल्या उपकेंद्रात हे जमत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात या, फक्त बसवल्याचं कार्ड बरोबर आणा. कार्ड नसेल तर निदान कुठे आणि कोणत्या वर्षी बसवली ते.

मोजणी पूर्ण होण्याआधीच काही कारणाने काढावी लागली, तर काढायच्या आधीचे सात दिवस निरोध वापरा किंवा संबंध टाळा. शुक्रजंतू अंगात पाच दिवस आणि कधी त्याहूनही जास्त जिवंत राहतात, त्यामुळे आज काढलेली तांबी परवाच्या संबंधापासून वाचवेलच असं नाही. आणि साधनाशिवाय संबंध आलाच, तर ७२ तासांत घ्यायची आपत्कालीन गोळी पंचेचाळिशीतही चालते, तिला वयाची अट नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं त्याहूनही खात्रीचं, आणि ती पुढे पाळी जाईपर्यंत कामी येते.

सुनंदाताईंना तांबी काढल्यावर मी दोन गोष्टी लिहून दिल्या. पहिली, काढल्यानंतर दोन-तीन दिवस थोडे डाग दिसतील, ते मोजायचे नाहीत. दुसरी, त्यानंतर कधीही, पाच वर्षांनी का होईना, रक्ताचा एक थेंब जरी दिसला तरी आठ दिवसांच्या आत यायचं. तो कागद त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवला आहे. गेल्या वेळी धाकटीला घेऊन आल्या होत्या, तिच्या दोन बाळंतपणांतल्या अंतराचं विचारायला.